अनुभव धागा: बोक्यांचं भांडण, चावा आणि नंतरचं गळू

सुमन (अमळनेर)

आज फडताळ आवरताना मागच्या कोपऱ्यात सुई काढलेली वीस मिलीची सिरिंज सापडली. हातात घेतली आणि आमच्या बंड्या बोक्याचा गाल आठवला. चार वर्षं झाली, पण तो वास अजून नाकात आहे.

सोमवारी रात्री घराच्या धाब्यावर दोन बोके एकमेकांवर तुटून पडले होते. सकाळी बंड्या आला तेव्हा उजव्या गालावर केस चिकटलेले होते आणि खाली मोहरीएवढी दोन भोकं. रक्त असं फारसं नव्हतंच. मी कोमट पाण्याने पुसलं. बुधवारी बघते तर भोकं बंद झालेली, वर बारीक खपली. मला वाटलं, चला, भरलं. गुरुवारी तो खाटेखालून निघेना, दूधही नको. कान हाताला तापलेले. शुक्रवारी गाल लिंबाएवढा सुजला आणि हात लावला की ओरडायचा.

डॉक्टरांनी ताप बघितला, 104.6. गालाच्या मध्यावर बोटाने दाबून म्हणाले, मऊ लागतंय, पिकलंय. भुलीचं इंजेक्शन देऊन केस भादरले आणि सुजेच्या सगळ्यात खालच्या टोकाला चिरा दिला. पिवळट-तपकिरी पू इतका आला की छोटी वाटी अर्धी भरली. मग सलाइनने आत धूत राहिले, पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मी विचारलं, टाका नाही घालणार? तर म्हणाले, टाकाच घालायचा नाही, हे दार उघडंच राहिलं पाहिजे.

घरी रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून खपली सैल करायची, काढायची, सिरिंजने हळू धुवायचं आणि गोळी द्यायची. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी खपली इतकी सुंदर धरली होती की मला ती काढवेना. पाचव्या दिवशी गाल परत वर आला. परत भूल, परत चिरा, आणि या वेळी आत रबराची पट्टी घालून तिची दोन टोकं बाहेर ठेवली, म्हणजे पू वाहत राहील. ती चार दिवसांनी काढली. मग मात्र आतून भरत भरत वर आलं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. मला वाचायचंय.

तापीकाठ

ताई, मना बोकाले बी असंच व्हयनं व्हतं! पण गालवर नही, शेपटीना बुडखाले. आम्हाला कळलंच नाही, कारण तिथं कोण बघतं. बसता येईना त्याला. फुटलं तेव्हा दिवाणावर होता, चादर टाकून द्यावी लागली.

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं गेली. मांजरं कमी यायची, पण आली की बहुतेक वेळा हेच घेऊन.

तापीकाठ, शेपटीच्या बुडाला चावा म्हणजे तुमचा बोका पळत होता. समोर उभा राहून लढला तर गाल, मान, पुढचे पाय.

सुमनताईंच्या दोन भोकांबद्दल सांगतो. मांजराचा सुळा दाभणासारखा बारीक आणि लांब असतो. तो कातडी फाडत नाही, आरपार खोल जातो आणि तोंडातली घाण आत सोडून बाहेर येतो. वर भोक एवढंसं, म्हणून ते एका दिवसात मिटतं. मांजराची कातडी मांसावर सैल बसलेली असते, मानेवर चिमटीत धरली की लक्षात येतं. त्या सैल जागेत हवा नाही, ऊब आहे, आणि त्या जंतूंना तेच पाहिजे. दोन ते पाच दिवसांत पू होतो. कुत्र्याच्या चाव्यात कातडी फाटते, ते दिसायला भयंकर, पण वाहून तरी जातं.

म्हणून चावल्यावर पहिल्या दिवशीच नेलं आणि औषध सुरू झालं तर बरेचदा गळू होतच नाही. लोक आणतात चौथ्या-पाचव्या दिवशी.

केळीबाग रावेर

इतकं काही करायला लागत नाही हो. आमच्याकडे पाच-सहा मांजरं बागेतच असतात. सुजतं, फुटतं, चाटून चाटून बरं होतं. आम्ही फार तर हळद-तेल लावतो.

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

दादा, फुटतं हे खरं. काही बरी होतात हेही खरं, मी बघितलीत. पण फुटायच्या आधी वरची कातडी मरते आणि रुपयाएवढा तुकडा गळून पडतो. चिऱ्याची जखम बोटाच्या पेराएवढी असते, ही तिच्याहून बरीच मोठी. आणि पू बाहेर न येता आतच सरकला तर? पायावरचा चावा हाडात आणि सांध्यात उतरलेला मी पाहिलाय. ते मांजर तीन पायांवरच राहिलं.

हळद-तेलाचा लेप वाळून कडक होतो. म्हणजे जे दार उघडं ठेवायचं तेच आपण बंद करतो.

केळीबाग रावेर

हे खरंय, गेल्या वर्षी एकाचं तीनदा भरून तीनदा फुटलं. हळदीमुळे असेल असं वाटलंच नव्हतं. (इकडे दोन दिवस वारं आहे, घड पडलेत, नंतर वाचतो.)

वैशाली_भुसावळ

मला परवा मांजर चावलं हो, अंगठ्याच्या खाली. आता तळहात सुजलाय आणि मूठ वळत नाही. हळद बंद करू का मग?

सुमन (अमळनेर)

अगं वैशाली, धागा मांजराच्या गळवाचा आहे, पण तू आधी दवाखान्यात जा! आत्ता!

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

ताई, हाताचा चावा फार लवकर चढतो. माणसाच्या हातात सुळा थेट सांध्यापर्यंत नाहीतर शिरेपर्यंत जातो. मूठ वळत नाही म्हणजे आजच डॉक्टरांना दाखवा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि रेबीजची लस सुरू करायची आहे हे स्वतःहून सांगा. मांजर घरचं असलं तरी.

वैशाली_भुसावळ

निघाले. ह्यांना फोन केला.

धुळेकर नाना

बोके भांडतात ते थांबवायचं असेल तर नसबंदी करा. आमच्याची केली, भटकणं थांबलं.

तापीकाठ

नाना, आमच्याची पण केली. भटकतो कमी, पण अंगणात दुसरा आला की अजून तसाच जातो त्याच्यावर. उशिरा केली म्हणून का?

धुळेकर नाना

आमच्याची आठव्या महिन्यात केली होती. तुमचा किती मोठा होता?

तापीकाठ

पाच वर्षांचा. शिवाय शेजारीण दोन्ही घरच्या मांजरांना आमच्याच ओट्यावर खायला घालते, मग भांडणार नाहीत तर काय. तिला सांगून थकले.

रेखा, पारोळा

मी हे कधी लिहिलं नाही कुठे. आमची चिंगी गेली यात. पावसाळा होता, पाठीवरचं गळू फुटलं आणि आम्ही म्हटलं फुटलं ते बरं झालं. तिसऱ्या दिवशी जखमेत किडे वळवळताना दिसले. घरात जे होतं ते ओतलं, फिनाईल. बैलाच्या जखमेत लोक टाकतात म्हणून. संध्याकाळी तिला लाळ सुटली, अंग थरथरत होतं, रात्री गेली. मला वाटतं किड्यांनी नाही गेली ती.

सुमन (अमळनेर)

रेखाताई, काय बोलू. तुम्ही तिला वाचवायलाच गेला होतात.

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

रेखाताई, वाईट वाटलं. फिनाईल काय, डेटॉलसुद्धा मांजराला नको. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, आणि लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. तापासाठी पॅरासिटामॉलही नको. माणसाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेते. घरी धुवायला साधं मिठाचं पाणी बास: अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात छोटा चमचा सपाट भरून मीठ. किडे दिसले तर काहीही ओतू नका, गुंडाळून दवाखान्यात न्या. तिथे चिमट्याने एकेक काढतात.

धुळेकर नाना

आमच्याकडे एकाला वर्षात चार वेळा गळू झालं, वेगवेगळ्या जागी, आणि एकही नीट भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, एफआयव्ही निघाला, मांजराची प्रतिकारशक्ती मारणारा विषाणू. तो बहुतेक वेळा चाव्यातूनच एका मांजरातून दुसऱ्यात जातो म्हणे. माणसाला होत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं, कारण घरात नात आहे. तो बोका अजून आहे, आता फक्त घरातच ठेवतो.

मनीची_आई

सगळं वाचून घाबरले. आमची मनी कालपासून पुढचा डावा पाय टेकवत नाही. सूज काही नाही. घरात सगळे म्हणतात भिंतीवरून उडी मारताना मुरगळला असेल. परवा रात्री मात्र मागे आवाज झाला होता.

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

पायावरचे केस उलट्या दिशेने हळू फिरवा, उजेडात. बोटाला खरखरीत लागेल तिथे थांबा. चाव्याची भोकं डोळ्यांआधी बोटाला सापडतात. आणि एक नाही, जवळच दुसरंही शोधा, एका जबड्यात सुळे दोन असतात.

मनीची_आई

सापडलं. कोपराच्या वर, केसांत बारीक खपली, आणि अंगठाभर अंतरावर दुसरी. तिथे तिचं अंग गरम लागतंय. दाबून पू काढू का?

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

अजिबात दाबू नका! दाबलं तर बाहेर येण्याऐवजी आत पसरतो, आणि ती तुम्हाला चावेल ते वेगळंच. टोपलीत घाला आणि न्या.

तापीकाठ

टोपलीवर ओढणी बांध गं, आमचा रिक्षातून उडाला होता.

वैशाली_भुसावळ

आले दवाखान्यातून. हातात सलाइन लावून अँटिबायोटिक दिलं, लसीचा पहिला डोस झाला. डॉक्टर म्हणाले उद्या आला असता तर कापावं लागलं असतं. एका हाताने टाइप करतेय.

केळीबाग रावेर

काका, त्या तीनदा फुटलेल्याला परत आणलं पकडून. जागा कडक आहे, मऊ नाही. आता चिरा देतील का?

निवृत्त पर्यवेक्षक, चोपडा

कडक आहे तोवर आत पू साठलेला नसतो, नुसतीच सूज असते. चिरून रक्त येईल, बाकी काही नाही. पण तुमच्याकडे तीनदा झालंय, म्हणजे आत काही राहिलं असेल, तुटलेला दात किंवा नखाचा तुकडा. नाहीतर जंतूच वेगळा असेल. पू तपासायला पाठवा असं डॉक्टरांना म्हणा. हे इथे बसून मला सांगता येणार नाही.

मनीची_आई

जाऊन आलो. 104.2 ताप. तिचीही जागा अजून कडक, म्हणून चिरा दिला नाही. इंजेक्शन दिलं, सात दिवसांच्या गोळ्या, आणि दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेक. परवा परत बोलावलंय, सूज बसली तर बसली, नाहीतर तेव्हा चिरा. सुमनताई, ती सिरिंज टाकली नसेल तर कुठून घेतली होती ते सांगा.

सुमन (अमळनेर)

टाकली नाही गं. कुठल्याही मेडिकलवर मिळते, वीस मिलीची म्हण, सुई नको म्हणून सांग. आणि चिरा द्यावा लागला तर खपली काढताना मन घट्ट कर. शेक दिल्यावर तिने काही खाल्लं का ते रात्री लिही.

मनीची_आई

आत्ता दोन घास भाकरी-दूध खाल्लं. पाय अजून वरच धरलाय.