मदत हवी आहे: गोष्टीतल्या मुलीने क्रॉस कंट्रीसाठी काढलेला वेग बरोबर आहे का?

निळीशाई

शाळकरी वाचकांसाठी एक छोटी गोष्ट लिहिते आहे. सायली आठवीत आहे. शाळेची क्रॉस कंट्री ३ किलोमीटरची. गेल्या वर्षी ऋचा १३ मिनिटं ३० सेकंदांत पहिली आली होती. यंदा सायलीला जिंकायचंय, आणि तेही हिशेब करून. हिशेबच चुकला तर गोष्ट कोसळेल, म्हणून इथे विचारते. मधला तुकडा असा आहे:

> सायलीने वहीचं मागचं पान उघडलं. ऋचाच्या वेळेपेक्षा सहा सेकंद कमी, म्हणजे १३.२४. भागिले तीन. कॅल्क्युलेटरवर ४.४१ आलं. "चार मिनिटं एक्केचाळीस सेकंद," ती पुटपुटली. प्रत्येक किलोमीटर एवढ्यातच. टाकीपर्यंतची सपाटी असो, टेकाड असो नाहीतर उतार असो. घड्याळ सांगेल तसं पळायचं, कुणाकडे बघायचंच नाही.

मार्ग असा धरलाय: मैदानातून निघून पाण्याच्या टाकीपर्यंत १ किमी सपाट पायवाट, मग टेकाडाच्या माथ्यापर्यंत ६०० मीटर चढ, माथ्यावरून थोडं सपाट आणि मग उतार असं मैदानाच्या फाटकापर्यंत १ किमी, शेवटचे ४०० मीटर मैदानात. आकडा बरोबर आहे का? सगळीकडे एकच वेग ठेवणं पटण्यासारखं आहे का? आणि तिने ऋचाला कुठे गाठावं?

गणिताची_वही

आकडा चुकलाय. १३ मिनिटं २४ सेकंद म्हणजे १३.२४ मिनिटं नव्हेत. मिनिटाचे शंभर भाग होत नाहीत, साठ होतात. आधी सगळ्याचे सेकंद करा: १३ × ६० + २४ = ८०४. भागिले ३ = २६८ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं २८ सेकंद. तुमची सायली दर किलोमीटर ४:४१ ने पळाली तर ती १४:०३ ला पोचेल आणि ऋचाच्या ३३ सेकंद मागे राहील.

ही चूक शाळेत फार मुलं करतात. काढून टाकू नका, गोष्टीतच ठेवा. सायलीने उलटा गुणाकार करून ती स्वतः पकडली तर छान होईल.

वेगवान

४:२८ बरोबर. फक्त चढावर तो वेग राहणार नाही, एवढं लक्षात घ्या. सोपा उपाय: चढावर किलोमीटरमागे ३० सेकंद जास्त धरायचे आणि उतारावर ३० कमी. जेवढं चढलो तेवढंच उतरलो, हिशेब फिटला.

आईची_धावपळ

माझी मुलगी ८०० मीटर पळते, ट्रॅकवर. तिच्यासाठीही पहिली फेरी ठरावीक सेकंदांत पळायची असं काही आहे का? सर म्हणतात पहिली फेरी जोरात मार.

रानवाट

@आईची_धावपळ, तो प्रश्न अगदी वेगळा आहे. ८०० मध्ये पहिली फेरी दुसरीपेक्षा दोनेक सेकंद जलद गेली तर बहुधा चालतं. तीन किलोमीटरच्या रानवाटेवर तसं चालत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

@वेगवान, अर्धं बरोबर आहे. चढावर वेळ जास्त लागणार हे खरं, पण उतार ती सगळी परत देत नाही. उतारावर प्रत्येक पाऊल थोडं ब्रेक लावत पडतं, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो, आणि सुटे दगड असले की नजर पायाखालीच राहते. म्हणून सौम्य चढाने घेतलेल्यापैकी साधारण निम्मंच उतार परत देतो असं धरावं. खडकाळ उतार त्याहून कमी देतो.

आता मूळ प्रश्न. मला खटकलं ते असं की सायली किलोमीटरचा वेग काढतेय, पण मार्ग नेमका ३ किमी आहे हे तिला कुणी सांगितलं? शाळेचा ३ किमी २८०० मीटरही असू शकतो. मनगटावरच्या घड्याळाचं जीपीएस झाडाखालच्या वळणावळणाच्या वाटेवर कोपरे कापतं आणि अंतर कमी दाखवतं. पळताना "सध्याचा वेग" म्हणून येणारा आकडा तर तिथे इतका उड्या मारतो की त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

त्यामुळे तिला वेग नकोच. तिला हव्यात खुणांवरच्या वेळा: टाकी, माथा, फाटक, शेवट. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी तिने तोच मार्ग एकटीने, सारख्या दमाने पळावा. सारख्या वेगाने नव्हे. श्वास पूर्ण मार्गभर एकसारखा राहिला पाहिजे, म्हणजे चढावर पाय आपोआप हळू पडतील. साध्या घड्याळाचं बटण प्रत्येक खुणेशी दाबायचं. समजा असं आलं:

टाकीपर्यंत २८० सेकंद, चढ १९२, माथा ते फाटक २६८, मैदान ११०. एकूण ८५० सेकंद, म्हणजे १४:१०.

हवे आहेत ८०४. ८०४ भागिले ८५० म्हणजे ०.९४६. प्रत्येक तुकड्याला याने गुणायचं: २६५, १८२, २५३, १०४. हे एकावर एक रचले की घड्याळावर दिसायच्या वेळा मिळतात:

टाकी ४:२५, माथा ७:२७, फाटक ११:४०, शेवट १३:२४.

यात अंतर कुठेच आलं नाही. मार्ग २८०० मीटरचा निघाला तरी या वेळा खऱ्याच राहतात. चढाचा तुकडा बघा: १८२ सेकंद. सगळीकडे ४:२८ चा हट्ट धरला असता तर हे ६०० मीटर तिने १६१ सेकंदांत काढले असते. एकवीस सेकंदांची ही घाई माथ्यावर तोंडाला फेस आणते, आणि पुढच्या सपाटीवर पाय उचलत नाहीत. शर्यत तिथेच जाते.

निळीशाई

हे फारच उपयोगी आहे. पण १४:१० वरून १३:२४ ही झेप खोटी नाही वाटणार?

रानवाट

सराव किती जोरात झाला यावर आहे. जीव तोडून १४:१० आले असतील तर तीन आठवड्यांत ४६ सेकंद कमी होणार नाहीत, आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. तो पळ आवरून घेतलेला होता, मध्ये दोन-चार शब्द बोलता येतील इतपत, असं लिहा.

शिवाय एक पुरावा द्या. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज काढणारं पीट रीगेल यांचं सूत्र आहे, त्यात अंतराचा घातांक १.०६ आहे. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. सायलीने ट्रॅकवर १५०० मीटर ६:२० मध्ये काढले असतील तर सपाटीवर ३००० मीटरला १३:१२ च्या आसपास येतं. टेकाडाचे दहा-बारा सेकंद मिळवा, १३:२४ जमतं. तिचे १५०० सात मिनिटांचे असतील तर मात्र कुठलाच हिशेब तिला वाचवणार नाही. पावसाने वाट चिखलाची झाली तरी या वेळा बाद. मग गेल्या वर्षीचे १३:३० सुद्धा तुलनेला धरता येत नाहीत.

निळीशाई

आणि गाठायचं कुठे?

रानवाट

ऋचा जोरात सुटणारी आहे असं धरू. टाकीशी ४:०५, माथ्याशी ७:१७, फाटकाशी ११:३७ आणि शेवट गेल्या वर्षीसारखाच १३:३०. सायलीच्या वेळांशी ताडून बघा. टाकीशी ती २० सेकंद मागे, म्हणजे जवळजवळ ७५ मीटर. माथ्याशी १०, फाटकाशी ३. मैदानाच्या ४०० मीटरला ऋचाला ११३ सेकंद लागतात, सायलीला १०४. मैदानात शिरल्यावर साधारण १३० मीटरवर ती पुढे जाते आणि शेवटी सहा सेकंदांनी जिंकते.

"कुणाकडे बघायचंच नाही" हे वाक्य मात्र बदला. तिने ऋचाकडे बघावंच. ऋचा एखाद्या झाडापाशी पोचली की मनात आकडे मोजायला लागायचं आणि स्वतः त्या झाडाशी आली की मोजणं थांबवायचं. वीस, मग पंधरा, मग दहा. मीटरवर विश्वास ठेवू नका. चढावर तेवढ्याच सेकंदांचं अंतर मीटरमध्ये कमी भरतं, मोजलेले सेकंद फसवत नाहीत.

कडेकडेने

सगळं मान्य, पण सुरुवात राहिली. मैदानातून पायवाटेवर शिरताना वाट अरुंद होते ना? साठ मुली एकदम आल्या तर हिशेबाने पळणारी घोळक्यामागे अडकेल. तिथे गमावलेले दहा सेकंद तिच्या वेळापत्रकात कुठे आहेत? माझ्या मते पहिले २०० मीटर जोरात काढून जागा घ्यावी आणि मग स्थिरावावं.

रानवाट

२०० मीटरला तीन-चार सेकंद जलद इतपत चालेल. त्याहून जास्त नको. जोरात सुटलेली आठवीतली मुलगी २०० मीटरवर आवरत नाही, ती टाकीपर्यंत तशीच जाते. मी तिला कडेने उभं करेन, वाट ज्या बाजूला वळते त्या बाजूला.

कडेकडेने

कडेची जागा सगळ्यांनाच हवी असते. मला अजून जोरात सुटणंच बरोबर वाटतं.

निळीशाई

यावर तुमचं दोघांचं एकमत होईपर्यंत सायलीला कडेलाच उभी करते. तुकडा पुन्हा लिहिलाय:

> तिने उलटा गुणाकार केला. ४:४१ गुणिले तीन, १४:०३. पेन्सिल थांबली. मिनिटात साठ सेकंद असतात. तिने ते पान खोडलं आणि नवीन ओळीवर ८०४ लिहिलं.
>
> शर्यतीच्या सकाळी तिच्या डाव्या हातावर बॉलपेनने चार वेळा होत्या. टाकीशी घड्याळात ४:२६. ऋचाची वेणी पार पुढे, चढावर हलत होती. एक, दोन, तीन... झाडाशी येईपर्यंत वीस. पाय ओढ घेत होते, तिने ते धरून ठेवले. चढाच्या मध्यावर पुन्हा मोजले. चौदा.

रानवाट

टाकीशी ४:२६ केलंत ते छान, एका सेकंदाने काही बिघडत नाही. वेळा मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा, बाहेरच्या बाजूने घाम पुसला जातो आणि शाई फुटते.