निरोपाच्या भाषणात 'झालो'चं 'झाले' करायचं का?

पेन्सिलवाला (पुणे)
आमच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक अण्णा ३१ तारखेला निवृत्त होताहेत. निरोपाचं भाषण कागलकडच्या एक ताई करणार आहेत. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "शुद्धलेखन आणि क्रियापदं तेवढी बघ, बाकी माझं मला राहू दे." मजकूर असा:

"आज अण्णा नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. मी इथं रुजू झालो तेव्हा मला जावक नोंदवही पण भरता येत न्हवती. पत्राचा मसुदा कसा करायचा ते अण्णांनी शिकवलं. आम्ही त्यांच्याकडून अनेक गोष्टी शिकलो. पस्तीस वर्षाच्या कारकीर्दीत त्यांनी कधी कुणाची फाईल अडवले नाही. त्यांचे आशिर्वाद आणि माया आम्हाला मिळाले. अण्णा, तुम्हाला दिर्घायुष्य लाभो."

मी हात लावायच्या आत दुसऱ्या एका साहेबांनी 'रुजू झाले' आणि 'गोष्टी शिकल्या' केलं. शिवाय फाईलचं वाक्य खोडून 'कामकाजात कधीही दिरंगाई होऊ दिली नाही' लिहिलं. ताई नाराज आहेत. तपासणाऱ्यानं थांबायचं कुठं?

नियमानं चला
फाईलचं वाक्य बदलायला नको होतं, ते मान्य. पण पहिल्या दोन दुरुस्त्या बरोबरच आहेत. बोलणारी बाई आहे, म्हणजे 'मी रुजू झाले'. 'गोष्टी' स्त्रीलिंगी अनेकवचन आहे, म्हणजे 'शिकल्या'. ताईंनी स्वतःच क्रियापदं बघायला सांगितलीत ना? मग कर्त्याचं लिंग आणि कर्माचं लिंग बघूनच ती बघणार. भावना दुखावतील म्हणून चूक तशीच सोडणं मला पटत नाही. ताई ते सगळ्या कार्यालयासमोर वाचणार आहेत, तिथं कुणी हसलं तर आपण बघितलं नाही असं होईल.

जुना मुद्रितशोधक
'शिकल्या' साफ चूक आहे, ते आधी परत फिरवा. 'मी' आणि 'आम्ही'ला 'ने' लागलेला दिसत नाही, त्यामुळे इथं फसायला होतं. अशा वेळी कर्ता बदलून बघायचा. 'तो अनेक गोष्टी शिकला' म्हणतो की 'त्याने अनेक गोष्टी शिकल्या'? पहिलंच. शिकणे, विसरणे, म्हणणे, बोलणे ही क्रियापदं सकर्मक असली तरी भूतकाळात कर्त्यामागे जातात. म्हणून 'आम्ही गोष्टी शिकलो' जसं आहे तसंच ठेवायचं. उलट 'अडवणे'ला ती सवलत नाही. 'त्यांनी' म्हटलं की क्रियापद फाईलकडे बघणार, म्हणून 'फाईल अडवली नाही'. एका अक्षराचं काम होतं, त्यासाठी अख्खं वाक्य खोडायचं काही कारण नव्हतं.

'अण्णा होत आहे'चं 'होत आहेत' करा, आदरार्थी अनेकवचन आहे. 'आशीर्वाद आणि माया मिळाले' इथं 'मिळाली' हवं. शेवटच्या 'माया'प्रमाणे चला किंवा दोन वेगळ्या लिंगांची नामं म्हणून नपुंसकलिंगी अनेकवचन घ्या, रूप तेच येतं. राहिलेल्या चुका लिहिण्याच्या आहेत: नव्हती, वर्षांच्या, आशीर्वाद, दीर्घायुष्य. आणि 'कारकीर्द' लिहिताना की दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते: कारकिर्दीत. 'वकील'चं 'वकिलाला' होतं तसंच. यापलीकडे त्या मजकुरात हात घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

सोलापूरची सून
माझ्या सासऱ्यांच्या निरोपसमारंभात सुरुवातीला चारोळी घेतली होती, सभागृह भारावून गेलं होतं. तुमचं भाषण फार कोरडं वाटतंय. त्यात दोन आठवणी आणि एखादा सुविचार घाला. हवी तर मी लिहून देते.

पेन्सिलवाला
आभारी आहे वहिनी, पण भाषण ताईंचं आहे. त्यांनी भर घालायला सांगितलेली नाही.

पंचगंगा
मी कोल्हापूरची. माझी आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी झोपतो' असंच बोलतात. आमच्याकडं बाईच्या तोंडी ते रूप चूक नाही, ती आमची बोली आहे. ताईंनी 'झालो' लिहिलं त्यात त्यांचं गाव ऐकू येतंय. 'इथं' ठेवलंत, 'नोंदवही पण' ठेवलंत, मग 'झालो'वरच तुमचं पेन का उठतं? अण्णांनी इतकी वर्षं ताईंना असंच बोलताना ऐकलं असणार. निरोपाच्या दिवशी त्यांच्यासमोर ताईंनी परक्या भाषेत का बोलावं?

नियमानं चला
'शिकल्या'चं मुद्रितशोधक काकांचं पटलं, मागे घेतो. 'झालो'चं अजून पटत नाही. घरी कसं बोलावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण हे नुसतं बोलणं नाही, लिहिलेला कागद आहे. आमच्याकडे भाषणाचा कागद सत्कारमूर्तींना फाईलमध्ये घालून देतात. तो घरी राहतो, पाहुणे वाचतात. तिथं लेखनाचे नियम का लावू नयेत? आणि तसंच असेल तर 'शिकवलं' तरी का चालतं? 'शिकवले' करा ना.

जुना मुद्रितशोधक
'शिकवलं' नियमातच बसतं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत बोलण्यातलं रूप जसंच्या तसं दाखवायचं असेल तिथं 'केलं', 'असं' अशी अनुस्वाराची रूपं चालतात. भाषण बोलण्यासाठीच लिहिलेलं असतं. तिथं 'शिकवले' केलंत तर वाचताना ताईंची जीभ अडखळेल.

'झालो'च्या बाबतीत मात्र मी दोघांच्या मधे आहे. छापखान्यात आमची एक पद्धत होती. जे नि:संशय चुकलंय ते खोडायचं. जिथं लेखकानं जाणून लिहिलंय की हात घसरलाय ते कळत नाही, तिथं समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. स्वतः ठरवायचं नाही. इथंही आधी बाकीचा मजकूर बघा. ताईंनी भाषणात पुढं कुठं 'मी म्हणाले' किंवा 'मी गेले' लिहिलं असेल, तर 'झालो' नजरचुकीनं आलेलं असू शकतं. सगळीकडे '-लो'च असेल, तर ती बोली आहे. तेव्हा कागद ताईंकडे द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. त्या जे म्हणतील तेच कागदावर राहील.

पेन्सिलवाला
पुढच्या पानावर दोन ठिकाणी '-लो'च आहे. 'मी घाबरलो' आणि 'मी त्यांच्या टेबलाशी गेलो'. '-ले' एकदाही नाही.

पंचगंगा
मग विचारायचं काय राहिलं? तिन्ही तसंच ठेवा.

नियमानं चला
राहिलं. तीनदा आलं म्हणून ते नियमात बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की वाचायची प्रत ताईंच्या बोलीत राहू द्या आणि अण्णांना द्यायची प्रत प्रमाण भाषेत करा.

जुना मुद्रितशोधक
दोन प्रती करायच्या तरी ताईंना विचारूनच. ऐकलेलं एक आणि हातात आलेलं दुसरं असेल तर अण्णांच्या लक्षात येईल, आणि ते कुणी बदललं हेही त्यांना कळेल. लिपिक आहेत ते, मसुद्यावरचं दुसऱ्याचं अक्षर ओळखतात.

पेन्सिलवाला
आज जेवणाच्या सुट्टीत ताईंकडे कागद नेतो. साहेबांनी खोडलेलं फाईलचं वाक्य परत घातलंय, फक्त 'अडवली' केलंय. शुद्धलेखनाच्या पाच आणि क्रियापदांच्या तीन दुरुस्त्या पेनानं केल्यात. तिन्ही '-लो'खाली पेन्सिलची रेघ आहे आणि समासात प्रश्नचिन्ह. दोन प्रतींचंही विचारतो.