लॅब टेक्निशियनच्या अर्जात टेस्ट, मशीन आणि पाळी कशी लिहायची?

निशिगंध_सांगली
नमस्कार. डीएमएलटी झालंय, परावैद्यक परिषदेची नोंदणी आहे. सांगलीजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये तीन वर्षं काम केलं, दिवसाला 40 ते 50 पेशंट. लग्नानंतर आता पुण्यात आहे आणि चोवीस तास चालणाऱ्या एका डायग्नोस्टिक सेंटरला अर्ज करायचाय. आत्ता एवढंच लिहिलंय: "सर्व रुटीन टेस्ट व रिपोर्टिंग येते. सर्व मशीन हाताळण्याचा अनुभव. कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार." मैत्रीण म्हणते फारच मोघम आहे. खरं तर आमच्याकडे केमिस्ट्रीला सेमी-ऑटोच होतं, सीबीसीला थ्री-पार्ट. मोठी मशीन फक्त ट्रेनिंगला असताना पाहिली आहेत. काय लिहू?

पुणेकर_फ्लेबो
मशीनची नावं भरपूर टाका. पाहिलेली असली तरी टाका, पहिली चाळणी नावांवरच होते. फुल्ली ऑटो एक आठवड्यात शिकता येतं, बटणंच तर असतात.

जुनी_स्लाइड
पहिली चाळणी नावांवर होते हे खरं आहे. दुसरी माझ्याकडे होते. मी एका लॅबमध्ये इन्चार्ज आहे, अर्ज वाचते आणि मग उमेदवाराला मशीनपाशी उभं करते. पाहिलेल्या मशीनचं नाव लिहिणाऱ्याला मी विचारते, "सकाळी आल्यावर या मशीनचं पहिलं काय करायचास?" तिथेच कळतं.

निशिगंध, प्रत्येक मशीनपुढे तुझा हात किती खोल गेला होता ते लिही. फक्त सॅम्पल लावायचीस, की कंट्रोलही लावायचीस? कंट्रोल बाहेर गेला तर कॅलिब्रेशन तू करायचीस, की इंजिनिअरला फोन? या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच तुझा अनुभव, मशीनचं नाव त्यानंतर.

सेमी-ऑटोची लाज बाळगू नकोस. रोज 10 मायक्रोलिटर सीरम आणि 1000 मायक्रोलिटर रिएजंट हाताने घेणाऱ्या मुलीला पिपेटिंग चुकलं की आकडा कसा हलतो हे माहीत असतं. फुल्ली ऑटोवरच वाढलेल्यांना ते शिकवावं लागतं. साखर 600 च्या वर गेली तर काय करायचीस?

निशिगंध_सांगली
ताई, सीरम सलाइनमध्ये डायल्यूट करून परत लावायचे आणि आलेल्या आकड्याला तितक्या पटीने गुणायचे. आमच्या किटची मर्यादा 500 होती.

जुनी_स्लाइड
मग हेच लिही! "लिनिॲरिटीबाहेरचे नमुने डायल्यूट करून पुन्हा तपासणे" ही एक ओळ "सर्व रुटीन टेस्ट"पेक्षा जड आहे.

आणि "रिपोर्टिंग" हा शब्द काढ. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण असलेल्या डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय. तू सह्या करत नव्हतीस हे मला माहीत आहे, पण अर्ज वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. "निकालांची नोंद करून पॅथॉलॉजिस्टकडे पडताळणीसाठी देणे" असं लिही.

मनीषा_कोथरूड
मध्येच विचारते, माफ करा. इथे लॅबची माणसं आहेत म्हणून. आईच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट 31 हजार आले आहेत. ताप नाही, अंगावर डाग नाहीत, ती आत्ता पोळ्या करतेय. ॲडमिट करावं का? कुठली लॅब चांगली?

जुनी_स्लाइड
मनीषा, उपचाराचं डॉक्टरच सांगतील, त्यांना आजच फोन करा. रिपोर्टवर "स्मिअरवर खात्री केली" असं काही लिहिलंय का ते बघा.

निशिगंध, असा नमुना तुझ्याकडे आला असता तर? परीक्षा घेत नाही, पण मुलाखतीत हमखास विचारतात.

निशिगंध_सांगली
आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. एका आजोबांचे 28 हजार. आधी काडी फिरवून बल्बमध्ये गुठळी आहे का पाहिलं, नव्हती. मशीनवर प्लेटलेटच्या आलेखाची शेपूट खाली टेकतच नव्हती. स्मिअर केला तर कडेला प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके. ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन त्या मोजत नाही. मॅडमना स्लाइड दाखवली, त्यांनी सायट्रेटच्या निळ्या बल्बमध्ये परत रक्त घ्यायला सांगितलं. त्यात 1 लाख 60 हजार आले. त्या बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, म्हणून 1.1 ने गुणून 1 लाख 76 हजार.

पुणेकर_फ्लेबो
म्हणजे प्लेटलेट कमी आल्या की सायट्रेटमध्ये घ्यायचं, झालं.

जुनी_स्लाइड
नाही हो. डेंग्यूच्या दिवसांत खरंच कमी झालेल्या जास्त येतात. पुंजके दिसले तरच सायट्रेट, आणि काहींच्या तर सायट्रेटमध्येही चिकटतात. स्लाइड बघितल्याशिवाय काही नाही. निशिगंध, हा प्रसंग अर्जात दोन ओळींत टाक. मुलाखतीत तोच विचारतील, आणि तुला तो पाठ करावा लागणार नाही.

रात्रपाळी_11ते7
पाळीबद्दल मी बोलतो, सात वर्षं रात्र केली. "कोणत्याही शिफ्टमध्ये" लिहिलंत तर तुम्हाला रात्रच मिळणार, कारण बाकीच्यांनी कारणं दिलेली असतात. रात्री बऱ्याचदा एकच टेक्निशियन असतो. इमर्जन्सीचं इलेक्ट्रोलाइट आलं, पोटॅशियम 7.8, तर नमुना हिमोलाइज झालाय की पेशंट खरंच तसा आहे हे तुम्हालाच बघायचं आणि डॉक्टरला उठवायचं. एकटीने काम केलंय का?

निशिगंध_सांगली
दुपारी एकटी असायचे, रात्री कधीच नाही. शिवाय मिस्टरांना चाकणला आठवड्याआड रात्रपाळी असते. त्या आठवड्यात मला रात्र जमणार नाही, घरी लहान मुलगी आहे. हे अर्जात लिहू की मुलाखतीत सांगू?

रात्रपाळी_11ते7
अर्जात अजिबात नको. आधी बोलावू दे.

जुनी_स्लाइड
मी उलट सांगेन. पाळ्यांचा तक्ता मीच लावते, दुसऱ्या महिन्यात "मॅडम, या आठवड्यात नाही" ऐकलं की मला बाकी तिघांची पाळी मोडावी लागते. आधी कळलं तर लावता येतं. कारण लिहू नकोस, फक्त काय जमतं ते लिही.

रात्रपाळी_11ते7
तुमच्यासारख्या इन्चार्ज सगळीकडे नसतात, ताई.

निशिगंध_सांगली
आता असं लिहिलंय:

"बायोकेमिस्ट्री: सेमी-ऑटो ॲनालायझरवर शुगर, युरिया, क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन, लिपिड. रोज दोन लेव्हलचे कंट्रोल लावणे, स्टँडर्डवर कॅलिब्रेशन, लिनिॲरिटीबाहेरचे नमुने डायल्यूट करून पुन्हा तपासणे. हिमॅटॉलॉजी: थ्री-पार्ट काउंटर, रोजची सफाई, शंकास्पद निकालाचा स्मिअर करून पॅथॉलॉजिस्टना दाखवणे. ईएसआर, लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, डेंग्यू व विडाल. फुल्ली ऑटो केमिस्ट्री व हॉर्मोन मशीन: फक्त प्रशिक्षणात पाहिले, स्वतंत्र काम नाही. पाळी: सकाळ 7 ते 3 व दुपार नेहमी, रात्र एकाआड एक आठवडा. लगेच रुजू होऊ शकते."

पाळीचं ताईंचं ऐकलं, पण धाकधूक आहे.

पुणेकर_फ्लेबो
"स्वतंत्र काम नाही" कशाला? स्वतःच्या पायावर धोंडा.

जुनी_स्लाइड
राहू दे. "लगेच रुजू" मात्र आधीच्या लॅबचं अनुभवपत्र हातात असेल तरच लिही. आहे ना?

निशिगंध_सांगली
नाही. आणायला सांगलीला जावं लागेल. खोडते.

मनीषा_कोथरूड
डॉक्टरांना फोन केला. त्यांनी परत रक्त द्यायला सांगितलं, या वेळी निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये घेतलंय. संध्याकाळी कळेल.