पीएमएसच्या अहवालात नफा, खात्यात १४ लाखांचा तोटा. कुठला परतावा खरा धरायचा?

बारामतीकर: बाबांचे ५० लाख पीएमएसमध्ये, म्हणजे आपल्या नावाने शेअर घेऊन सांभाळणाऱ्या मॅनेजरकडे घातले. वर्षभरात ७० झाले, म्हणून जमीन विकून आलेला १ कोटीही तिथेच दिला. पुढच्या वर्षी १७० लाखांचे १३६ लाख झाले. म्हणजे घातले दीड कोटी, उरले १३६ लाख, आणि अहवाल म्हणतो वार्षिक परतावा ५.८ टक्के! ही धूळफेक नाही तर काय? माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाच्या अहवालात एक्सआयआरआरच, म्हणजे पैसे घातल्या-काढल्याच्या रकमा आणि तारखा धरून काढलेला वार्षिक परतावाच छापला पाहिजे.

खरडवही: शंभर टक्के सहमत. तुमचा एक्सआयआरआर मी काढला, वर्षाला उणे ७.१ येतो. हाच आकडा निफ्टीच्या दोन वर्षांच्या परताव्याशेजारी ठेवा, मॅनेजरची लायकी कळेल.

जुना_हिशेबनीस: उणे ७.१ बरोबर, पुढचं वाक्य चूक. मॅनेजरने पहिल्या वर्षी ४० टक्के कमावले, दुसऱ्या वर्षी २० घालवले. १.४० गुणिले ०.८० म्हणजे १.१२, दोन वर्षांत १२ टक्के, वर्षाला ५.८. हा काळाच्या वजनाने काढलेला परतावा, यात पैसे कधी आले-गेले याला वजनच नाही.

आता समजा, त्याच मॅनेजरकडे दुसऱ्या कुणाचे ५० लाख होते. ७० झाल्यावर त्याने मुलीच्या घरासाठी ६० काढले. उरलेल्या १० चे ८ झाले. त्याचा एक्सआयआरआर वर्षाला अधिक ३२! शेअर तेच, खरेदी-विक्रीच्या तारखा त्याच, एकाला ३२ आणि दुसऱ्याला उणे ७. यातून मॅनेजर हुशार ठरतो की मठ्ठ? म्हणून तर सेबीने पीएमएसची कामगिरी काळाच्या वजनाने मांडायला लावली आहे, तीही खर्च आणि शुल्क वजा करून.

सुमनताई_ठाणे: माझ्या अ‍ॅपवर म्युच्युअल फंडाचा एक्सआयआरआर ४२ टक्के दिसतोय, महिनाच झाला पैसे घालून. मग मी पीएमएसवाल्यांपेक्षा सरसच म्हणायची!

जुना_हिशेबनीस: ताई, महिन्यात ३ टक्के वाढ झाली असेल. तोच वेग बारा महिने टिकेल असं धरून अ‍ॅप ४२ दाखवतं. वर्ष होईपर्यंत नुसते रुपये बघा.

सुमनताई_ठाणे: अगंबाई! मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बसले.

बारामतीकर: हिशेबनीससाहेब, पटतंय, पण एक सांगायचं राहिलं. तो १ कोटी मी आपणहून नाही घातला. पहिल्या वर्षीचा अहवाल हाती आल्यावर त्यांच्याच माणसाचा तीनदा फोन आला, "एवढे पैसे बचत खात्यात कशाला सडवता?" आता त्या तारखेची जबाबदारी माझी एकट्याची?

जुना_हिशेबनीस: हे आधी सांगायला हवं होतंत. पैसा कधी आणायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या माथी ती वेळ. खाजगी कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांत मॅनेजरच लागेल तसे हप्ते मागवतो, म्हणून तिथे परतावा पैशाच्या वजनानेच, म्हणजे एक्सआयआरआरसारखा मोजतात. तुमचं प्रकरण अध्येमध्ये आहे. फोन विक्रीवाल्याचा, सही तुमची.

पण तुमचा खरा सवाल वेगळ्या हिशेबाने सुटेल. तुमच्याच तारखांना तेवढेच पैसे निर्देशांकात घातले असते तर? समजा निर्देशांक पहिल्या वर्षी २५ टक्के वाढला आणि दुसऱ्या वर्षी १० पडला. ५० चे ६२.५, त्यात १००, वजा दहा टक्के: १४६ लाख २५ हजार. काळाच्या वजनाने निर्देशांक दोन वर्षांत १२.५ टक्के, तुमचा मॅनेजर १२, म्हणजे जवळजवळ बरोबरी. तुमच्या खात्यात मात्र तो सव्वादहा लाखांनी मागे, कारण पैसा थोडा होता तेव्हा तो पुढे होता आणि पैसा तिप्पट झाला तेव्हा मागे पडला. ५.८ मध्ये हे दिसत नाही, आणि एकट्या उणे ७.१ मध्येही नाही. खरे आकडे घालून बघा.

खरडवही: म्हणजे मी निफ्टीचा सरळ परतावा घेतला, तिथे चुकलो. मान्य. पण मग हा सव्वादहा लाखांचा आकडा अहवालात का नको? तो काढायला कितीसा वेळ लागतो?

बॅक_ऑफिस: आमच्याकडे हेच काम चालतं. आधी एवढं तपासा: १ कोटी आला त्या दिवशी खात्याचं मूल्यांकन झालं होतं का? महिनाअखेरच्याच किमती धरून मधल्या रकमेचा अंदाजी हिशेब केला असेल, आणि पैसे १० तारखेला येऊन २० तारखेला बाजार कोसळला असेल, तर काळाच्या वजनाचा आकडाही बिघडतो. खात्यापेक्षा मोठी रक्कम आली की हा फरक हमखास जाणवतो.

बारामतीकर: पैसे १२ तारखेला गेले होते. अहवालात मात्र सगळी मूल्यं महिनाअखेरचीच आहेत. उद्या त्या दिवसाचं मूल्यांकन मागवतो. बाकी "सही तुमची" हे मला अजून पटलेलं नाही. वर्षाचा ४० टक्क्यांचा कागद समोर ठेवूनच त्यांनी ती सही घेतली होती.