अनुभव धागा : समोरच्याच्या टेबलावरचा छंद आणि आपला पहिला प्रश्न

चकवाचांदणं : आज ऑफिसात एका नव्या मुलीच्या बॅगेला दुर्बीण लटकलेली दिसली आणि माझी पहिली नोकरी आठवली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कामापुरतंच बोलायचे. त्यांच्या दुर्बिणीवर ८x४२ लिहिलेलं होतं. "छान आहे" म्हणायच्या ऐवजी मी विचारलं, हे आकडे कसले? ते खुर्ची वळवूनच बसले. आठपट जवळ दिसतं, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. मग मी विचारलं, दहापटीची का नाही घेतली? इथे खरी गंमत सुरू झाली. दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते आणि नजरेचा घेर लहान होतो, त्यामुळे फांद्यांत उड्या मारणारा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. सोमवारी "काय दिसलं?" एवढं विचारलं की पुरायचं. तुमचे अनुभव लिहा.

निवांत : पण दहापटच चांगली. जास्त जवळ दिसतं, साधं गणित आहे.

पाणकावळा : @निवांत, तळ्याकाठी लांबचे पक्षी बघायला हो. दाट झाडीत नाही. शिवाय ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. १० ने भागलं तर ४.२. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. पहाटेच्या अंधुक उजेडात फरक कळतो.

निवांत : मी तर भर दुपारी बघतो 😀

सुईदोरा : माझ्या पिशवीतून क्रोशाची सुई डोकावते. लोक म्हणतात, "अय्या, स्वेटर का?" हो म्हटलं की विषय खलास. एकीने विचारलं, चुकलं तर किती उसवावं लागतं? क्रोशात सुईवर बहुधा एकच टाका जिवंत असतो, धागा ओढला की चुकीपर्यंत सरळ उसवतं. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर, एक टाका निसटला की खालपर्यंत शिडी. तिला हे सांगता सांगता माझा स्टॉप गेला.

घाईत_आहे : मुलाला दुर्बीण घ्यायचीय, वय ९. कोणती घेऊ?

पाणकावळा : हलकी बघा. बाकी व्यनि करा, धागा भरकटेल.

घनचक्कर : टेबलावर रूबिक क्यूब आहे. प्रत्येक जण "किती सेकंदात?" विचारतो. आकडा सांगितला की पुढे काय बोलणार? एकाने विचारलं, कुठे अडतोस? दोन थर झाल्यावर वरच्या थराची ५७ रूपं ओळखायची असतात, तिथेच मी अडखळतो. आता तो येताजाता एखादं रूप लावून ठेवतो. छळ आहे नुसता.

सुईदोरा : ५७?? टाके मोजणं सोपं की!

मितभाषी : माझ्या टेबलावरचा बुद्धिबळपट आधीच्या माणसाचा आहे. मला घोडा कसा चालतो तेही नीट येत नाही. रोज कोणीतरी विचारतंच.

चकवाचांदणं : 😂 तो कपाटात ठेवा! @मितभाषी, पण काही जण बोलायचं नसूनही छंद बाळगतात. दोन उत्तरं "हो" आणि "हं" अशी आली, नजर स्क्रीनवर गेली, की मी उठते. आणि उघड्या बॅगेत डोकावून काही विचारत नाही, बाहेर लटकलेलं तेवढंच.

निवांत : सोमवारी सुट्टी असली तर काय विचारायचं?