मदत हवी आहे: पहिल्या पगारातून आई-बाबांना चष्मे घेतले, कॅप्शन जमत नाहीये

पानगळ (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी, विषय छोटा आहे पण दोन दिवस अडकलेय. पहिला पगार झाला आणि त्यातून आई-बाबांना दोघांना चष्मे करून घेतले, वाचायचे, म्हणजे चाळिशीचे. आमच्याकडे इतकी वर्षं चष्मा एकच होता, बाबांचा, तोच दोघं वापरायचे. बाबांचं वाचून झालं की ते शर्टाच्या टोकाने काच पुसून आईकडे द्यायचे आणि आई वाचायची. मला लहानपणापासून तेच दिसलंय त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी तिथल्या कागदांवर सह्या करताना एकदम आठवलं की माझा ॲडमिशनचा फॉर्मसुद्धा असाच वाचला गेला होता, आधी बाबांनी, मग चष्मा आईकडे, मग आईने, आणि मग दोघांच्या सह्या. तेव्हाच ठरवलं की पहिल्या पगारातून हेच घ्यायचं.

आता फोटो आहे, दोघं शेजारी शेजारी बसून वाचतायत. इन्स्टावर टाकायचाय. कॅप्शन लिहिलं ते असं,

"आई-बाबा, तुम्ही माझ्यासाठी रात्रीचा दिवस केलात, स्वतःची हौसमौज मारून मला शिकवलंत. तुमचे ऋण मी सात जन्मांत फेडू शकणार नाही. आज माझ्या पहिल्या पगारातून ही छोटीशी भेट. माझ्या यशाचे खरे शिल्पकार तुम्हीच."

लिहिताना डोळ्यांत पाणी होतं पण आता वाचलं की काहीच होत नाही. खोटं नाहीये त्यातलं काही, पण माझं वाटत नाही. काय चुकतंय?

रानवारा

अभिनंदन! सगळ्यात आधी लांबी कमी कर, इन्स्टावर १२५ अक्षरांच्या वर कॅप्शन जातच नाही. बाकी मला तरी छान वाटलं, ऋण, शिल्पकार हे शब्द लोकांना भिडतात.

सहाचा गजर

प्रोग्रेसिव्ह घेतले की बायफोकल? माझ्या वडिलांना प्रोग्रेसिव्ह दिला तर पहिले काही दिवस जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नव्हता. घेतले असतील तर सवय होईपर्यंत जिन्यावर जपायला सांगा.

पानगळ

@सहाचा गजर, नाही हो, नुसते जवळचे आहेत, वाचण्यापुरते. पण प्रश्न चष्म्याचा नाही, कॅप्शनचा आहे 🙂

जुनेपान

मी बरीच वर्षं लोकांचं लिखाण तपासायचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, चालेल ना.

आधी लांबीचं. १२५ ही मर्यादा नाही. मर्यादा २२०० अक्षरांची आहे, फक्त फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशे अक्षरं दिसतात आणि पुढचं दाबल्यावर उघडतं. आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, "ची" आपल्याला एक अक्षर वाटतं पण तिथे ते दोन होतात, त्यामुळे ती सव्वाशे अक्षरं वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात. म्हणजे कापायची गरज नाही, पहिलं वाक्य कोणतं ठेवायचं एवढंच बघायचं. तुझ्या कॅप्शनमध्ये त्या पहिल्या जागेत रात्रीचा दिवस आणि हौसमौज आहे. चष्मा कुठेच नाही. पूर्ण कॅप्शनमध्ये नाही.

आणि हेच चुकतंय. तुझं कॅप्शन उचलून दुसऱ्या कुणाच्याही फोटोखाली लाव, भेट घड्याळ असू दे, साडी असू दे, एक शब्द बदलावा लागणार नाही. आणि वर धाग्यात तू जे लिहिलंस, शर्टाच्या टोकाने काच पुसून चष्मा आईकडे द्यायचे, ते दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही. मला तिथे थांबावंसं वाटलं. ते तू आम्हाला सांगितलंस आणि कॅप्शनमधून गाळलंस.

असं करून बघ. आधी कसं होतं ते एका प्रसंगात सांग. मग काय आणलं ते अगदी साध्या वाक्यात. मग आता घरात काय बदललं, डोळ्यांना दिसणारं काहीतरी. आणि तिथेच थांब. ऋण, उपकार, शिल्पकार यातलं काही लिहू नकोस, वाचणाऱ्याला ते आपोआप वाटू दे.

रानवारा

लांबीचं मान्य, माझा गोंधळ झाला. पण थेट आई-बाबांशी बोलण्यात वाईट काय आहे? मी माझ्या पहिल्या पगाराच्या वेळी "आई, तू" असंच लिहिलं होतं आणि आई वाचून रडली.

जुनेपान

तुमच्या आईने वाचलं ना, मग बरोबरच होतं. @पानगळ, तुझे आई-बाबा इन्स्टावर आहेत का? नसतील तर "तुम्ही" म्हणून तू ज्यांच्याशी बोलतेयस ते तिथे नाहीतच आणि वाचणारे दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखे बसणार. त्यापेक्षा त्यांच्याबद्दल सांग. थेट बोलायचं ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नाहीतर समोर बसून.

रानवारा

पटत नाही पूर्ण. समोर बोलता येत नाही म्हणूनच तर लिहितो आपण.

पानगळ

दोघंही इन्स्टावर नाहीत, व्हॉट्सॲपवर आहेत. जुनेपान दादा, तुमचं वाचून परत लिहिलं,

"आजपासून आमच्या घरात दोन चष्मे आहेत.

आधी एकच होता. माझ्या ॲडमिशनचा फॉर्म बाबांनी वाचला, मग काच पुसून चष्मा आईकडे दिला, मग आईने वाचला. मग दोघांनी सही केली.

पहिला पगार झाला. दोघांना वेगवेगळा करून आणला.

खूप प्रेम. तुमच्याशिवाय मी काहीच नाही."

जुनेपान

पहिलं वाक्य सोडू नकोस काहीही झालं तरी. मोजलं मी, पूर्णविराम धरून ३५ भरतात, म्हणजे ते दिसतंच आणि त्याच्या पुढची अर्धी गोष्टही दिसते. शेवटची ओळ मात्र पुन्हा पहिल्या कॅप्शनमधून आलीये. तिथे मला एक दिसणारी गोष्ट हवी होती. चष्मे आल्यावर घरात पहिल्यांदा काय झालं?

सहाचा गजर

एक शंका. दोघांचा नंबर सारखा कसा असेल? वेगळा असला तर दुसऱ्याच्या चष्म्यातून काहीच दिसणार नाही. लोक कमेंटमध्ये हेच विचारतील.

पानगळ

सारखा नव्हताच. आता तपासला तेव्हा बाबांचा पावणेदोन निघाला आणि आईचा सव्वादोन. दिसायचं तिला, पण ती कागद हात लांब करून धरायची. आम्हाला वाटायचं ती तिची सवयच आहे.

सहाचा गजर

हां मग बरोबर आहे. चष्मा नंबरापेक्षा कमी असला की कागद लांब न्यावा लागतो. काहीच दिसणार नाही हे मी जास्तच बोललो, अर्ध्या नंबराच्या फरकात वाचता येतं, फक्त डोळे दमतात. बारीक अक्षर असेल तर डोकंही धरत असेल त्यांचं.

पानगळ

धरायचं. संध्याकाळी कपाळ चोळत बसायची.

आणि दादा, तुम्ही विचारलंत ना पहिल्यांदा काय झालं, ते हेच. नवीन चष्मा लावला आणि सवयीने तिने हात लांब केला, मग तिला तसं दिसेना, मग हळूहळू पेपर जवळ आणला. आणि मग काही न बोलता तसाच धरून बसली. मी तेव्हा बघत होते पण आत्ता लिहिताना कळतंय की मी काय बघितलं.

जुनेपान

झालं तुझं कॅप्शन. शेवटची ओळ ही: "आज आईने पेपर जवळ धरून वाचला." मात्र हात लांब करून धरायची हे आधी यायला हवं, तरच शेवट कळेल. फॉर्मच्या वाक्यातच घाल, "मग आईने हात लांब करून वाचला".

अर्धविराम

मध्येच बोलतेय पण सांगावंसं वाटलं. मी माझ्या पहिल्या पगाराच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की बाबांनी माझ्या फीसाठी उसने पैसे घेतले होते. मला अभिमान होता त्याचा. पोस्ट खूप लोकांनी शेअर केली आणि फिरत फिरत बाबांच्या एका मित्रापर्यंत गेली. बाबा मला काही बोलले नाहीत, पण आठ दिवस नीट बोललेही नाहीत. नंतर आईकडून कळलं की ती गोष्ट त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा सांगितली नव्हती. पोस्ट मी काढली पण स्क्रीनशॉट राहिलेच. एकच चष्मा होता, हे जगाला सांगितलेलं त्यांना चालणार आहे का? आधी विचार.

पानगळ

@अर्धविराम ताई, वाचून कसंतरी झालं. विचारलं आत्ताच. बाबा म्हणाले लिही की, त्यात काय. आई मात्र गप्प झाली, मग म्हणाली, "लोकांना वाटेल आम्हाला दुसरा चष्मा परवडत नव्हता." मी विचारलं, परवडत नव्हता का? तर म्हणाली, "परवडला असता गं, पण दरवेळी आधी तुझं काहीतरी असायचं."

आता हे वाक्य मला कॅप्शनमध्ये हवंय आणि नकोही आहे.

रानवारा

घाल!! हेच तर सगळ्यात भारी आहे.

अर्धविराम

नको. ते ती तुला म्हणाली.

जुनेपान

मीही नको म्हणेन, पण निर्णय आईचा. "आधी एकच होता" हेच तिला खुपत असेल तर तेवढं काढ. "आजपासून दोन चष्मे आहेत" यात ते न सांगताही थोडं येतंच. फॉर्मचा प्रसंग जाईल, त्याचं मला वाईट वाटेल, पण मग असं उरतं,

"आजपासून आमच्या घरात दोन चष्मे आहेत. पहिला पगार झाला, दोघांना आपापल्या नंबरचा करून आणला. आई इतकी वर्षं कागद हात लांब करून धरायची. आज तिने पेपर जवळ धरून वाचला."

पोस्ट करायच्या आधी तिच्यासमोर मोठ्याने वाच. वाचताना तुझा आवाज जिथे अडखळेल किंवा ती मान खाली घालेल, तो शब्द काढ. कॅप्शन नंतर बदलता येतं पण तोवर कुणी वाचलं असेल ते परत घेता येत नाही.

सहाचा गजर

आणि फोटो झूम करून बघ एकदा. नवीन चष्म्याच्या डबीशेजारी बिल किंवा नंबरचा कागद पडलेला असतो, त्यावर नाव, फोन सगळं असतं. कॅप्शनसारखा फोटो नंतर बदलता येत नाही, पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागते.

पानगळ

बापरे, आहे! नंबरचा कागद टेबलावरच आहे, फोन नंबर स्पष्ट वाचता येतोय. क्रॉप करते.

छोटं कॅप्शन आईला वाचून दाखवलं. "हात लांब करून" ला ती हसली आणि म्हणाली, खरंच का गं मी तसं धरायचे? बाबांचं मात्र म्हणणं आहे की फॉर्मची गोष्ट हवीच, कारण त्यात ते आहेत आणि छोट्यात ते कुठेच नाहीत. ते बरोबर बोलतायत. आता दोघांचं मिळून काय ठेवायचं ते रात्री ठरवू, तोवर कुणाला बाबांसाठी एखादी ओळ सुचली तर सांगा, काच पुसण्याची चालेल असं आईच म्हणाली.