'क्लिपिंग पाथ'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिनी: छापील कॅटलॉगसाठी छायाचित्रकारांना द्यायच्या सूचना मराठीत करतेय. एका वाक्यावर अडलेय: 'वस्तूभोवती क्लिपिंग पाथ काढून द्या, पारदर्शक पीएनजी चालणार नाही.' मी 'कर्तनमार्ग' लिहिलं, तर तपासणारे म्हणाले हे कुणालाही कळणार नाही. शिवाय मलाच प्रश्न पडलाय. पार्श्वभूमी दोन्हीत जाते, मग एक चालतं आणि दुसरं का नाही?

कातरवेळ: सोपं आहे. क्लिपिंग म्हणजे कात्रण, म्हणून 'कात्रणरेषा'. खोकी बनवताना डायची रेघ असते ना, जिथून पुठ्ठा कापतात? तीच ही.

खिळेजुळारी: ती नव्हे हो. डायच्या रेघेवर खरंच पुठ्ठा कापला जातो. इथे काहीच कापलं जात नाही, आणि गोम तिथेच आहे. शिंपी कापडावर खडूने रेघ मारतो तेव्हा कापड अखंडच असतं. क्लिपिंग पाथ म्हणजे ती रेघ. फोटो पार्श्वभूमीसकट फाइलमध्ये शाबूत राहतो, रेघ फक्त 'एवढंच दाखव' म्हणते. पीएनजी म्हणजे कापूनच आणलेलं कापड. माप चुकलं तर चुकलं.

ताईंनी एक स्टीलची किटली डोळ्यांपुढे आणावी. पांढऱ्या कागदावर फोटो काढला, कॅटलॉगचं पान गडद निळं. पीएनजीत कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात आणि कागदाचा पांढरा रंग त्यांच्यात मुरलेला असतो. पांढऱ्या पडद्यावर काही दिसत नाही. निळ्यावर ठेवली की किटलीला पांढरी किनार! पाथ काढणारा मुद्दाम कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून जातो, म्हणून ती घाण बाहेरच राहते.

दुसरी गोष्ट धारेची. इंचाला ३०० पिक्सेल असले तर एक पिक्सेल साधारण ०.०८५ मिलिमीटरचा होतो. तीच किटली मांडणीत दुप्पट मोठी केली की ०.१७ चा, आणि पीएनजीची कड मऊ पडते. पाथ ही गणिती वक्ररेषा. प्लेट बनवणारं यंत्र इंचाला २४०० ठिपके उमटवत असेल, तर ती रेषा त्या बारकाईने उतरते. किटलीचा पत्रा थोडा धूसर दिसेल, पण कड सुरीसारखी.

नवाछापखाना: काका, हे जुनं झालं. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता कळत नव्हती, म्हणून ही पद्धत पडली. आता पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता जशीच्या तशी जाते.

खिळेजुळारी: पारदर्शकतेपुरतं बरोबर. पण मागणी एक्स-१ए ची असेल तर ती आधी सपाट करावी लागते, आणि त्यात शेजारची बारीक अक्षरं कधीकधी जाड होतात. शिवाय पीएनजीत सीएमवायके बसतच नाही. फोटो आरजीबी येतो आणि रूपांतर दुसऱ्याच्या हाती जातं. आणि किटलीची पांढरी किनार एक्स-४ पुसून देत नाही.

रेघोट्या: माझा अनुभव उलटा आहे. दाढीच्या ब्रशला पाथ काढून दिला, तर छापून आला तेव्हा ब्रशचीच दाढी केल्यासारखा दिसत होता.

खिळेजुळारी: केसांना पाथ नाहीच चालत. काचेला आणि मऊ सावलीलाही नाही. पाथ एकतर दाखवतो किंवा लपवतो, अर्धवट काही नाही. ब्रशच्या मुठीला पाथ, केसांना मास्क, आणि फाइल टिफ किंवा पीएसडी.

रेघोट्या: आणखी एकदा पाथ काढूनही चित्र पांढऱ्या चौकटीसकट आलं होतं. ते का?

खिळेजुळारी: फोटोशॉपमध्ये तो Work Path म्हणून तसाच सोडला असेल. आधी त्याला नाव देऊन जपायचं, मग Paths च्या मेनूतून Clipping Path निवडायचं. ते करूनही चौकट आली तर मांडणीत क्लिपिंगचा प्रकार Photoshop Path केलाय का ते पाहायचं.

अनुवादिनी: म्हणजे 'कापणे' हा धातूच चुकीचा. 'बेतणे'वरून 'बेतरेषा' कशी वाटते? शिंप्याची आहेच.

कातरवेळ: बेत म्हटलं की लोकांना जेवणाचा बेत आठवेल. 'कातररेषा' ठेवा, कातर शब्द जुना आहे. माझ्या नावातही आहे, दिवस कापणारी वेळ!

शब्दवेडा: तुमच्या नावातला कातर संस्कृतातला, म्हणजे व्याकुळ, भ्यालेला. कात्रीचा संबंध कर्तरीशी. दोन्ही एका गाठोड्यात बांधू नका.

कातरवेळ: तुम्ही कोशातलं सांगताय, मी आजीचं. ती संध्याकाळी हातात कात्री धरू द्यायची नाही.

नवाछापखाना: कामाच्या जागी सगळे 'पाथ मार' म्हणतात. नाहीतर 'डीप एच कर'. बेतरेषा म्हटलं तर छायाचित्रकार फोन करून विचारेल, हे काय.

शब्दवेडा: 'मारणे' कशाला? 'काढणे' आहे की.

नवाछापखाना: रंग मारतो, शिक्का मारतो, शिंपी खडूची रेघ मारतो. वर काकांनीच लिहिलंय.

अनुवादिनी: सध्या असं लिहिलंय: 'वस्तूभोवती क्लिपिंग पाथ काढा, कडेच्या किंचित आतून, आणि मूळ पार्श्वभूमी पुसू नका.' शब्द इंग्रजीच राहिला. कंसात 'बेतरेषा' टाकू का?

शब्दवेडा: टाका. पण 'किंचित' म्हणजे किती ते आधी लिहा.